शस्त्रक्रियेनंतर घरी येऊन राहिलेल्या नातेवाइकाचे आभार कसे मानावेत : अक्कांच्या तेवीस दिवसांवरून

गेल्या जानेवारीत माझ्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवशी मला सहकारनगरच्या घरी सोडले आणि त्याच संध्याकाळी माझ्या मोठ्या नणंदबाई, आमच्या अक्का, कराडहून एका पिशवीनिशी आल्या. त्या पुढचे तेवीस दिवस राहिल्या. वॉकर, व्यायाम, टाके यांविषयी डॉक्टरांनी आम्हांला छापील कागद दिला होता. अक्का परत निघतील तेव्हा काय करायचे, हे मात्र कुणी सांगितले नव्हते, आणि आम्ही त्यात दोन चुका केल्या. पुढे ज्यांच्यावर ही वेळ येणार आहे त्यांच्यासाठी सगळा क्रम लिहून ठेवते आहे. ज्यांच्याकडे नणंदेऐवजी मावशी, भाऊ किंवा भाचा येऊन राहील त्यांनी मानपानाचा भाग आपापल्या नात्याप्रमाणे बदलून घ्यावा. हिशोबाचा भाग सर्वांना सारखाच लागू आहे.

आधी जमवून ठेवायच्या वस्तू

- एक साधी शंभर पानी वही आणि तिला दोऱ्याने बांधलेले पेन
- वरखर्चासाठी झाकणाचा एक डबा
- पाहुण्यांनी केलेल्या खरेदीच्या पावत्या ठेवायला जुने पाकीट
- साडी द्यायची असेल तर मापाचे ब्लाउज (हे कसे मिळवावे ते पुढे सांगितले आहे)
- ओटीचे सामान : खण, नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड, खारीक, बदाम
- परतीचे तिकीट, आणि एसटीने जायचे असल्यास वयाच्या सवलतीसाठी त्यांचे आधार कार्ड त्यांच्याच पर्समध्ये आहे ना याची खात्री

१. पहिल्या दिवसापासून वही लिहा

आभार मानण्याची तयारी निघण्याच्या आदल्या दिवशी सुरू केली तर उशीर झालेला असतो. घरी आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात वेदनाशामक गोळ्यांमुळे दिवस आणि रात्र यांचा घोळ होतो आणि कोणी काय केले ते पुढे आठवत नाही. मी वही लिहायला घेतली ती मुळात औषधांच्या वेळांसाठी. पण तिच्यातच एका बाजूला बारीक अक्षरात मी इतर नोंदीही करू लागले, आणि शेवटी उपयोगी पडल्या त्या याच नोंदी.

उदाहरणार्थ, सहाव्या रात्रीची नोंद अशी आहे : ‘दोन वाजता बर्फाची पिशवी बदलली. दिवा लावला नाही. पिशवीला पंचा गुंडाळून मग ठेवली.’ मी त्या वेळी झोपेचे सोंग घेतले होते, कारण जागी आहे असे कळले असते तर अक्का पाय चेपत तासभर बसल्या असत्या. अकराव्या दिवशी लिहिले आहे : ‘फिजिओथेरपिस्टने गुडघा वाकवला तेव्हा अक्का गॅलरीत गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे धुतलेले.’ ‘तुम्ही माझ्यासाठी फार केलंत’ हे वाक्य कोणीही कोणालाही म्हणू शकते, आणि त्यावर ‘त्यात काय मोठंसं’ हे उत्तर ठरलेले आहे. दोन वाजताच्या पंचाविषयी मात्र तसे उत्तर देता येत नाही. म्हणून रोज एकच ओळ लिहा, पण डोळ्यांना दिसलेली लिहा.

२. खर्चाचा हिशोब आणि भेट यांना एकत्र येऊ देऊ नका

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत नाजूक भाग आहे, आणि बहुतेक घरांत तो चुकतो.

राहायला आलेले माणूस रिकामे बसत नाही. ते खाली जाते, येताना कोथिंबीर आणते, औषधांच्या दुकानात गोळ्यांची पट्टी घेते, रिक्षाचे पैसे देते. घरच्यांना वाटते, शेवटी पाकिटात थोडे जास्त घालू म्हणजे सगळे त्यात येईल. पण तसे झाले की त्या पाकिटात खर्च किती आणि प्रेमाचे किती हे दोघांपैकी कोणालाच कळत नाही. पाहुण्याचा खर्च जास्त झाला असेल तर त्याला भेट मिळालीच नाही असे होते, आणि कमी झाला असेल तर कामाचा मोबदला दिल्यासारखे वाटते.

अक्का स्वतःच्या पैशांनी सामान आणत होत्या हे आम्हांला नवव्या दिवशी कळले, तेही औषधांच्या दुकानातल्या मुलाने यजमानांना सहज सांगितले म्हणून. त्यानंतर फ्रिजवर एक डबा ठेवला, त्यात दर दोन दिवसांनी पाचशे रुपये घातले आणि अक्कांना सांगितले, ‘खाली जाताना यातलेच घ्यायचे.’ हे त्यांनी पाळले, कारण यात कोणी कोणाला पैसे देत नव्हते. डबा घरचा होता. तुम्ही हा डबा पहिल्याच दिवशी ठेवा.

आधीच्या नऊ दिवसांचा हिशोब उरला होता. ‘अक्का, तुमचे किती झाले?’ असे विचारण्यात अर्थ नसतो, उत्तर ‘राहू दे गं’ हेच येते. आम्ही पावत्या गोळा केल्या आणि जिथे पावती नव्हती तिथे दुकानदाराला विचारले. औषधांचे २,३१५, भाजी व फळांचे १,४८०, रिक्षाचे ६२० आणि गिरणीचे ९५ असे एकूण ४,५१० रुपये निघाले. यजमानांनी निघण्याच्या तीन दिवस आधी, चहाच्या वेळी, कागदासह ही रक्कम अक्कांपुढे ठेवली. पाच हजार करू, असे त्यांचे म्हणणे होते. मी करू दिले नाही. हिशोब रुपयापर्यंत चोख असला तर घेणाऱ्याला तो हिशोब म्हणून घेता येतो. वर चारशे नव्वद रुपये आले की ती बक्षिसी होते, आणि मोठ्या बहिणीला धाकट्या भावाने बक्षिसी द्यायची नसते. अक्कांनी कागद चष्मा लावून वाचला, ‘गिरणीचे पंचाण्णव नाहीत, नव्वद होते’ असे सांगून पाच रुपये परत केले आणि पैसे पर्समध्ये ठेवले.

येण्याजाण्याचा खर्च याच हिशोबात धरावा की नाही, यावर घरोघरी मतभेद असतील. आम्ही धरला नाही, परतीचे तिकीट मात्र आम्ही काढले.

३. जे नात्याने आधीच द्यायचे असते ते आभार म्हणून देऊ नका

नणंदेला साडी आपण भाऊबीजेला देतोच. माहेरवाशीण घरी आली की जाताना तिची ओटी भरतोच. मग शस्त्रक्रियेनंतर तेवीस दिवस राबून गेलेल्या नणंदेलाही तेच दिले तर त्यातून वेगळे काय कळले? माहेरी आलेल्या बाईने खरे तर आयते ताट मिळवायचे. अक्कांनी माहेरी येऊन माझे भांडे उचलले होते. म्हणून रीत म्हणून जे द्यायचे ते दिलेच पाहिजे, पण आभार त्याच्या जोडीने वेगळे पोहोचावे लागतात.

साडी द्यायचीच असेल तर ती नेसली जाईल अशी द्या. आपल्याकडे मानाच्या साड्यांचे काय होते ते प्रत्येकीला ठाऊक आहे : घडी न मोडता कपाटात जातात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कोणाच्या तरी हातात पडतात. त्याचे एक कारण अगदी साधे आहे. साडीला फॉल लावायचा असतो, पिको करायचा असतो, ब्लाउज शिवायचे असते, आणि साठी ओलांडलेल्या बाईला एका साडीसाठी शिंप्याकडे तीन खेपा घालण्याचा कंटाळा येतो. म्हणून ते सगळे करूनच साडी द्या. अक्कांचे एक ब्लाउज धुवायला टाकले होते, ते माझ्या मुलीने इस्त्रीला देते असे सांगून नेले आणि माप म्हणून शिंप्याकडे दिले. शिंपी आठ दिवस मागतो, तेव्हा हे काम टाके काढण्याच्या सुमारास, म्हणजे दुसरा आठवडा संपताना उरकून घ्या. मला जिना उतरता येत नव्हता. मुलीने लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानातून फोनवर चार साड्या दाखवल्या आणि मी इरकल निवडली, कारण अक्का घरात आणि बाहेर सुतीच नेसतात. भारी रेशमी साडी घेतली असती तर आमची हौस भागली असती, पण ती त्यांनी कुठे नेसली असती?

४. ओटीविषयी आधी विचारून घ्या

हा परिच्छेद लिहू की नको असे वाटले होते. पण पुण्यातल्या कितीतरी घरांत नेमके इथेच अडते.

अक्कांचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. जुन्या रितीने ओटी सवाष्णीची भरतात. आता बऱ्याच घरांत हा भेद पाळत नाहीत, काही घरांत अजून पाळतात, आणि काही बायका स्वतःच नको म्हणतात. ऐन वेळी हातात ताट घेऊन विचारणे किंवा न विचारता टाळणे, दोन्ही वाईट. मी कराडला त्यांच्या सुनेला फोन केला. ती म्हणाली, ‘मामी, भरा ना. मागच्या चैत्रात सोसायटीतल्या हळदीकुंकवाला त्यांना ओलांडून पुढे गेल्या बायका, तर त्या लवकर घरी आल्या होत्या. फक्त कुंकू त्यांचं त्यांना लावू द्या.’ एवढ्या एका फोनने प्रश्न सुटला.

दुसरी अडचण शरीराची. सांधेबदल झालेल्या माणसाने पाटावर किंवा जमिनीवर बसायचे नसते, आणि माझा गुडघा तेव्हा जेमतेम नव्वद अंशांपर्यंत वाकत होता. म्हणून समोरासमोर दोन खुर्च्या ठेवल्या, दोन्ही सारख्या उंचीच्या. एक उंच आणि एक बुटकी असली तर ओंजळीतले तांदूळ पदरात पडण्याऐवजी खाली सांडतात. मुलीने आदल्या दिवशी बसून पाहिले म्हणून हे लक्षात आले. वॉकर हाताशी, पण मधे नाही. वाकून नमस्कार मला शक्य नव्हता, तो माझ्या वतीने यजमानांनी केला. तुम्हीही वाकण्याचा हट्ट करू नका. पडलात तर पाहुण्याचा मुक्काम वाढेल.

५. बोलायचे शब्द आधी ठरवा, आणि काय बोलायचे नाही तेही

मराठीत जवळच्या माणसाला ‘आभारी आहे’ म्हटले की तो दुरावल्यासारखा होतो, आणि ‘थँक्यू’ रिक्षावाल्यालाही म्हणून झालेले असते. म्हणून मी बोलण्याऐवजी लिहिले, आणि कागद साडीच्या घडीत ठेवला. चार-पाच ओळींहून मोठे लिहू नका. माझे पत्र असे होते :

> तीर्थस्वरूप अक्कांस साष्टांग नमस्कार.
> सहाव्या रात्री तुम्ही बर्फाच्या पिशवीला पंचा गुंडाळत होतात, तेव्हा मी जागी होते. बोलले नाही, कारण तुम्ही मग झोपला नसतात. अकराव्या दिवशी तुम्ही गॅलरीत का गेलात तेही मला कळले. कराडच्या घरी तुमच्यावाचून तेवीस दिवस काढले त्या सर्वांना माझा नमस्कार सांगा. पायऱ्या चढू लागले की पहिला फोन तुम्हांला.

मायन्यात एक बारीक गोष्ट : तीर्थरूप हे आईवडिलांसाठी, आणि त्यांच्याइतक्याच मानाच्या वडीलधाऱ्यांसाठी तीर्थस्वरूप. अक्कांसारखी शाळेत शुद्धलेखनाची वही घातलेली पिढी हे पाहते.

आता आमच्या दोन चुका. पहिली यजमानांची. जेवताना ते हसत म्हणाले, ‘ब्युरोची बाई ठेवली असती तर दिवसाचे किती घेतले असते माहीत आहे का, अक्काने वाचवले आपले.’ त्यांना कौतुकच करायचे होते. अक्कांनी भाताचा घास तसाच ठेवला आणि ‘बाई म्हणजे मी का?’ एवढेच विचारले. नातेवाइकाच्या सेवेची बाजारभावाशी तुलना, ती कितीही फायद्याची असो, तोंडातून काढू नका.

दुसरी चूक माझी. मी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर अक्कांचा स्वयंपाकघरातला फोटो टाकला आणि खाली लिहिले, ‘अडचणीत धावून आलेले एकच माणूस.’ माझ्या धाकट्या जाऊबाई धायरीहून आठवड्यातून दोनदा डबा घेऊन येत होत्या. त्यांचा डबा त्यानंतर आला, पण मुलाच्या हाती आला. अक्कांनाही तो फोटो आवडला नाही, केस विंचरलेले नव्हते म्हणून, आणि उगाच आपल्यामुळे दोन घरांत वाकडे आले म्हणूनही. एकाचे आभार चारचौघांत मानताना जे आले नाहीत किंवा कमी वेळ आले त्यांची हजेरी आपोआप लागते. गटावर लिहायचेच असेल तर सगळ्यांची नावे आणि प्रत्येकाचे काम लिहा. नाहीतर ज्याचे त्याला सांगा.

६. मागच्या घराला विसरू नका

अक्का मुलगा-सून-नातवाबरोबर राहतात आणि नातवाला बालवाडीत सोडणे-आणणे हे त्यांचे काम आहे. त्या इथे असताना सुनेने आठ दिवस अर्धी रजा घेतली आणि उरलेले दिवस शेजारच्या काकूंनी नातवाला आणले. म्हणजे माझ्या गुडघ्यासाठी कराडमध्येही दोन माणसे धावत होती, आणि त्यांचा माझ्याशी थेट संबंधही नव्हता.

सुनेला मी अक्का निघण्यापूर्वीच फोन केला. अक्का घरी पोहोचल्यावर केला असता तर तो पोहोचल्याच्या चौकशीत बुडून गेला असता. तिच्यासाठी आणि काकूंसाठी बाकरवडी व आंबा बर्फीची वेगवेगळी पाकिटे नावे घालून दिली. एकच मोठे पाकीट दिले की ते फ्रिजमध्ये जाते आणि काकूंपर्यंत पोहोचत नाही. अक्कांनी येताना मेतकूट आणि डिंकाचे लाडू आणले होते ते दोन स्टीलचे डबेही रिकामे पाठवले नाहीत. इथे सांभाळायचे ते ओझे. गुडघ्याची शुश्रूषा करून दमलेल्या अडुसष्ट वर्षांच्या बाईच्या हातात पाच किलोची पिशवी देणे हा आभाराचा प्रकार नव्हे. आम्ही सगळे सामान काट्यावर ठेवून पाहिले, साडेसहा किलो भरले, मग नारळ आणि एक डबा काढून मागाहून मुलीच्या हाती पाठवला.

७. निघण्याचा दिवस

त्यांना जाऊ देता येईल अशी व्यवस्था आधी करा. सकाळी दोन तास येणारी मदतनीस आम्ही अक्का निघण्याच्या चार दिवस आधी लावली, आणि अंघोळीच्या वेळी कसे धरायचे, व्यायामाआधी किती वेळ शेकायचे, हे अक्कांनीच तिला दाखवले. मागे काय होईल ही काळजी घेऊन गेलेले माणूस घरी जाऊनही इथेच असते.

दिवस त्यांना निवडू द्या. ‘जाशील बुधी तर येशील कधी’ म्हणणाऱ्या घरातल्या बाईचे बुधवारचे तिकीट काढाल तर ते बदलावे लागेल. आम्ही गाडी करून देतो म्हटले, पण एसटीत स्त्रियांना निम्मे तिकीट असताना गाडी कशाला, हे अक्कांचे म्हणणे मोडता आले नाही. (ही सवलत २०२३ च्या मार्चपासून आहे, पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे, त्यासाठी वयाचा पुरावा जवळ हवा.) मग पुढच्या बाजूची खिडकीची जागा आरक्षित केली आणि यजमान स्वारगेटला गाडीत बसवून, पिशवी वरच्या फळीवर न ठेवता पायाशी ठेवून आले. निघताना हातावर दही-साखर दिली. ‘जाते’ कोणी म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात.

८. सहा आठवड्यांनी

पत्रात जे लिहाल ते पाळा. सहाव्या आठवड्याच्या तपासणीनंतर मी काठी घेऊन जिन्याच्या अकरा पायऱ्या चढले आणि वरच्या पायरीवर उभी राहूनच अक्कांना फोन लावला. त्यांनी विचारले, ‘कोणता पाय आधी टाकलास?’ चढताना चांगला आणि उतरताना दुखरा, हे त्यांनीच मला घोकून घेतले होते.

शेवटची गोष्ट परतफेडीची. ‘तुम्हांला काही लागलं तर सांगा’ असे म्हणू नका, कोणी सांगत नाही. त्यांचे कोणते काम अडले आहे ते शोधा आणि त्यातला आपल्याला झेपेल तो भाग उचला. अक्कांचे डाव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचे ऑपरेशन त्यांनी माझ्यासाठीच पुढे ढकलले होते, हे सुनेच्या फोनवरून कळले. त्या ऑपरेशननंतर चारेक आठवडे दिवसातून अनेकदा थेंब घालावे लागतात, दोन औषधांमध्ये काही मिनिटे जाऊ द्यावी लागतात, आणि स्वतःचे स्वतः घालताना बाटलीचे टोक डोळ्याला लागण्याची भीती असते. हे बसून करायचे काम आहे. नव्या गुडघ्याला जमते. मी तारीख विचारून घेतली, मे महिन्याचा दुसरा आठवडा, आणि माझे कराडचे तिकीट त्याच दिवशी काढले. सोबत शंभर पानी वहीतली उरलेली पाने नेली, थेंबांच्या वेळा लिहायला.